प्रश्नावलीतला दुहेरी नकार: उत्तरं उलटी पडत असतील तर काय तपासायचं

अभिप्राय फॉर्म असो, कर्मचाऱ्यांचं सर्वेक्षण असो की फोनवर घेतलेली मुलाखत, हा एक बिघाड पुन्हा पुन्हा येतो. विधानात 'नाही' असतं, पर्यायात 'असहमत' असतं, आणि उत्तर देणाऱ्याला दोन्ही नकार मनातल्या मनात सोडवून मग खूण करावी लागते. बरेच जण ते सोडवत नाहीत. काही जण सोडवतात, पण चुकीचं. आलेला आकडा मात्र नेहमीसारखाच नीटनेटका दिसतो, आणि म्हणून हा दोष अहवाल छापून होईपर्यंत लक्षात येत नाही.

लक्षणं

पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर पहिला संशय नकारार्थी विधानांवर घ्यावा.

- एकच माणूस दोन विरुद्ध विधानांना 'पूर्ण सहमत' म्हणतो. 'वर्ग वेळापत्रकाप्रमाणे झाले' यालाही सहमत आणि 'वर्ग वेळेवर सुरू होत नव्हते' यालाही सहमत.
- बाकी सगळ्या विधानांची सरासरी 4 च्या आसपास असते आणि एकाच विधानाची 2.5 किंवा 3 येते. त्या विषयावर मोकळ्या अभिप्रायात मात्र कुणाचीही तक्रार नसते.
- एकाच प्रश्नाला 'तटस्थ' किंवा 'सांगता येत नाही' यांची गर्दी होते.
- फोनवर किंवा समोर बसून प्रश्न विचारणारे सांगतात की त्या प्रश्नाला लोक थांबतात, "पुन्हा वाचा" म्हणतात, किंवा "हो म्हणजे नक्की काय समजणार तुम्ही?" असं विचारतात.
- एकाच गोष्टीबद्दलची विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, क्रोनबाख अल्फा, घसरतो, आणि 'हे विधान काढलं तर अल्फा वाढेल' असं सॉफ्टवेअर ज्या विधानापुढे दाखवतं त्यात 'नाही' असतं.

तपासणी 1: नकारांवर खुणा करा

खर्च शून्य, वेळ दहा-पंधरा मिनिटं. प्रश्नावली कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक नकाराखाली रेघ ओढा. नाही, नव्हते, नये, नको, नसेल, न करता हे तर सहज सापडतात. खरा त्रास देतात ते लपलेले नकार: शिवाय, विना, अपुरा, अभाव, टाळणे, नाकारणे, बंदी, रद्द, विरोध, दुर्लक्ष, वंचित, क्वचित. या शब्दांत 'नाही' कुठेच दिसत नाही, पण डोक्यावर ओझं तेवढंच पडतं.

आता पर्यायांकडे बघा. इथेच बहुतेकांची मोजणी चुकते. विधानात एकच नकार आहे म्हणून ते सुरक्षित धरलं जातं, पण शेजारी 'असहमत' हा पर्याय असला की दुसरा नकार तिथून येतो. 'वर्ग वेळेवर सुरू होत नव्हते' या विधानाशी असहमत होणं म्हणजे वर्ग वेळेवर सुरू होत होते असं म्हणणं. समाधानी माणसाला चांगलं मत नोंदवण्यासाठी 'असहमत' शोधावं लागतं. तसंच 'मी कधी उशीर करत नाही' या विधानासमोर नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही अशी श्रेणी ठेवली तर 'कधीच नाही' निवडणारा वक्तशीर आहे की उलट, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

विधान आणि पर्याय मिळून दोन किंवा जास्त रेघा आल्या तर ते विधान दुरुस्तीच्या यादीत टाका. तीन रेघांची विधानंही वाटतात तितकी दुर्मीळ नसतात. 'शुल्कवाढ रद्द करण्याला तुमचा विरोध नाही ना?' यात रद्द, विरोध आणि नाही असे तिन्ही आहेत, वर 'ना' लावून उत्तरही सुचवलं आहे.

मराठीत हे जास्त का घडतं, तेही पाहून घ्यावं. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'प्रशिक्षकांनी ठरलेल्या वेळेत सगळे धडे पूर्ण केले' एवढं वाचेपर्यंत वाचणाऱ्याचं मत बनलेलं असतं, आणि मग 'नाहीत' येतं. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तर तो एकटा शब्द दुसऱ्या ओळीत जाऊन पडतो आणि बोट त्याआधीच पर्यायावर टेकलेलं असतं. फोनवर ऐकणाऱ्याचंही तेच होतं, कारण शेवटचा शब्द बहुधा हळू उच्चारला जातो. 'नाहीत' ठळक करणं हा तात्पुरता उपाय आहे. त्याने नकार नजरेतून सुटण्याचं प्रमाण कमी होईल, पण 'असहमत'शी होणारी गुंतागुंत तशीच राहील.

तपासणी 2: 'हो' म्हणजे काय, हे एका वाक्यात लिहून बघा

ही तपासणी हो/नाही प्रश्नांसाठी आहे आणि तिलाही पैसा लागत नाही. प्रत्येक प्रश्नासमोर दोन वाक्यं लिहायची: 'हो म्हणणारा असं सांगतो आहे की...' आणि 'नाही म्हणणारा असं सांगतो आहे की...'. ही वाक्यं तुम्ही एकदा लिहा आणि प्रश्नावलीशी संबंध नसलेल्या एखाद्याकडून वेगळी लिहून घ्या. दोघांची वाक्यं जुळली नाहीत तर प्रश्न सदोष.

'तुम्हाला हस्तपुस्तिका मिळाली नाही का?' हा प्रश्न घ्या. कुणी म्हणतं "हो, नाही मिळाली." कुणी म्हणतं "हो, मिळाली की." दोन्ही मराठीत अगदी स्वाभाविक आहेत. समोरासमोर बोलताना 'हो'च्या पुढचे शब्द अर्थ स्पष्ट करतात. फॉर्ममध्ये ते पुढचे शब्द नसतात, फक्त 'हो'वरची खूण उरते, आणि ती कुठल्या 'हो'ची हे नंतर कोणत्याही युक्तीने कळत नाही. इथे दुरुस्ती सोपी आहे: 'तुम्हाला हस्तपुस्तिका मिळाली का?' आणि पर्याय 'मिळाली' व 'मिळाली नाही'. पर्यायात क्रियापद पूर्ण लिहिलं की नुसत्या 'हो'चा संदिग्धपणा जातो. होकारार्थी प्रश्नाच्या उत्तरात 'नाही' असायला हरकत नाही. नकार एकाच जागी आहे, आणि तो उत्तर देणाऱ्याने जाणूनबुजून निवडलेला आहे.

तपासणी 3: घोटाळा उत्तरदात्याचा की गुणांकनाचा?

उत्तरं आधीच गोळा झाली असतील तर विधान बदलण्याआधी ही पायरी करा. लक्षणं तीच दिसतात, पण कधीकधी लोकांनी बरोबर उत्तरं दिलेली असतात आणि आकडेमोड करणारा नकारार्थी विधानांचे गुण उलटे करायला विसरलेला असतो. हे अनुभवी लोकांकडूनही होतं. एखादी संगणक-प्रणाली वापरायला किती सोपी आहे हे मोजण्यासाठी जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये तयार केलेल्या 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल'मध्ये दहा विधानं आहेत, एक होकारार्थी, एक नकारार्थी अशी आलटून पालटून. जेफ सॉरो आणि जेम्स लुईस यांनी 2011 मध्ये त्याचे 27 माहितीसंच तपासले तेव्हा त्यातल्या तीनांत गुणांकन चुकलेलं निघालं. त्यांनी सगळी विधानं होकारार्थी करूनही पाहिली आणि गुणांमध्ये फरक पडला नाही.

पाच पायऱ्यांच्या श्रेणीत उलट गुण म्हणजे 6 वजा दिलेले गुण. श्रेणी 1 पासून सुरू होत असेल तर सर्वांत मोठा आकडा अधिक एक, त्यातून उत्तर वजा. 0 ते 4 अशी श्रेणी असेल तर 4 वजा उत्तर. स्प्रेडशीटमध्ये होकारार्थी विधान B स्तंभात आणि त्याच विषयावरचं नकारार्थी विधान E स्तंभात आहे असं धरून, उलटं न केलेल्या मूळ आकड्यांवर सहसंबंधाचं, म्हणजे दोन स्तंभ किती बरोबरीने किंवा उलट दिशेने बदलतात ते −1 ते 1 मध्ये सांगणारं, हे सूत्र चालवा:

```
=CORREL(B2:B101,E2:E101)
```

उत्तर ठळकपणे ऋण आलं, म्हणजे साधारण −0.5 किंवा त्याहून खाली, तर लोकांना विधान समजलेलं आहे. तुमचं काम फक्त E स्तंभ एकदा उलटा करण्याचं. उत्तर शून्याच्या आसपास आलं तर काहींनी नकार वाचला आणि काहींनी वाचला नाही अशी भेसळ असण्याची शक्यता मोठी. उत्तर ठळक धन आलं तर दोन शक्यता: बहुतेकांनी नकार गाळून वाचला, किंवा फॉर्मच्या सॉफ्टवेअरने गुण आधीच उलटे करून दिले आहेत. दुसरी शक्यता आधी तपासा, नाहीतर तुम्ही उलटं केलेलं पुन्हा उलटं कराल. त्यासाठी एक चाचणी-उत्तर स्वतः भरा, सगळीकडे 'पूर्ण सहमत' निवडा आणि उतरवलेल्या फाइलमध्ये 5 दिसतो की 1 ते बघा.

'नाही' दिसलं की विधान उलटं करायचं, हा नियम मात्र लावू नका. 'प्रशिक्षकांनी शंकांकडे दुर्लक्ष केलं नाही' यात दोन नकार आहेत, पण विधानाची दिशा होकारार्थीच आहे. समाधानी माणूस याला सहमतच होईल. असं विधान यांत्रिकपणे उलटं केलं की बरोबर दिलेली उत्तरंसुद्धा चुकीची होतात.

तपासणी 4: ओळी एकेक करून वाचा

सहसंबंधाचा एकच आकडा मिळतो, पण घोटाळा कसा झाला हे ओळी वाचल्यावर कळतं. समजावण्यासाठी तयार केलेल्या या पाच ओळी पाहा. वि2 म्हणजे 'वर्ग वेळापत्रकाप्रमाणे झाले', वि5 म्हणजे 'वर्ग ठरलेल्या वेळेला सुरू होत नव्हते'.

| उत्तरदाता | वि2 | वि5 | 6 − वि5 |
|---|---|---|---|
| क | 5 | 1 | 5 |
| ख | 5 | 5 | 1 |
| ग | 4 | 4 | 2 |
| घ | 2 | 4 | 2 |
| च | 4 | 2 | 4 |

क आणि च समाधानी आहेत आणि दोघांनी नकार नीट वाचला आहे. घ नाराज आहे आणि त्याचीही दोन्ही उत्तरं जुळतात. ख आणि ग यांनी दोन्हींकडे सहमतीची खूण केली आहे. वि2 ची सरासरी 4 आहे आणि उलट केलेल्या वि5 ची 2.8. अहवालात हे 'वेळापत्रक उत्तम, पण वक्तशीरपणात सुधारणा हवी' असं छापलं जाईल, आणि ते साफ खोटं असेल. ख आणि ग बाजूला ठेवले की दोन्ही सरासऱ्या 3.67 येतात. सहसंबंध पाचही ओळींवर −0.25 आहे, तिघांवर −1. पाचांपैकी दोघांच्या खुणांनी एवढी उलथापालथ केली.

मोठ्या फाइलमध्ये अशा ओळी शोधायला दोन सूत्रं पुरतात. पहिलं दोन्ही विधानांना सहमत असलेले दाखवतं, दुसरं B ते G या सहाही विधानांना एकच आकडा देणारे:

```
=IF(AND(B2>=4,E2>=4),1,0)
=IF(MAX(B2:G2)=MIN(B2:G2),1,0)
```

दुसऱ्या सूत्रात सापडलेले लोक बहुधा न वाचता सरळ रेघ मारत गेलेले असतात. पहिल्यात सापडले पण दुसऱ्यात नाहीत, ते वाचत होते आणि तरी अडखळले. हा दुसरा गट मोठा असेल तर दोष लोकांच्या आळसाचा नाही, विधानाचा आहे.

सरळ रेघ मारणारे थोडे असले तरी दुर्लक्ष करू नका. नील श्मिट आणि डॅनियल स्टल्ट्स यांनी 1985 मध्ये संगणकावर तयार केलेल्या आकड्यांनी दाखवलं होतं की सुमारे 10 टक्के उत्तरदाते निष्काळजी असले तरी घटक-विश्लेषणात, म्हणजे एकत्र चालणाऱ्या विधानांचे गट शोधणाऱ्या पद्धतीत, नकारार्थी विधानांचा वेगळाच 'घटक' उभा राहतो. त्याला मग काहीतरी भारदस्त नाव दिलं जातं, पण मुळात ती वाक्यरचनेची सावली असते.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: ख आणि ग यांची वि5 ची उत्तरं 'त्यांना असंच म्हणायचं असणार' म्हणून स्वतः बदलणं. कदाचित ग ला खरंच असं म्हणायचं असेल की वर्ग ठरल्या दिवशी झाले, पण दहा मिनिटं उशिरा. ते तुम्हाला ठाऊक नाही. गोळा झालेल्या माहितीत वि5 सगळ्यांसाठी गाळा, का गाळलं ते अहवालात लिहा, आणि पुढच्या वेळेसाठी विधान बदला.

दुरुस्ती: विधान होकारार्थी कसं करायचं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाक्यातला 'नाही' खोडून टाकणं आणि काम झालं असं समजणं. आधी हे विधान काय मोजतं ते दोन-तीन शब्दांत लिहा. वि5 काय मोजतं? वर्ग सुरू होण्याचा वक्तशीरपणा. वि7, म्हणजे 'प्रशिक्षकांनी शंकांकडे दुर्लक्ष केलं नाही', काय मोजतं? शंकांना उत्तर मिळणं. हे शब्द लिहिता येत नसतील तर विधान दुरुस्त करण्यापेक्षा काढून टाकणं बरं.

मग त्या गोष्टीवर थेट प्रश्न विचारा आणि पर्याय त्याच गोष्टीचे द्या. सहमत-असहमत ही श्रेणीच सोडली की दुहेरी नकाराची अर्धी वाट बंद होते. वि5 असा होईल:

'वर्ग ठरलेल्या वेळेला किती वेळा सुरू झाले?' पर्याय: प्रत्येक वेळी, बहुतेक वेळा, साधारण निम्म्या वेळा, थोड्या वेळा, एकदाही नाही.

इथे 'ग'सारख्या माणसाला आपलं म्हणणं नेमकं मांडता येतं. 'ठरलेल्या वेळेला' म्हणजे मिनिटाच्या काट्यावर की पाच मिनिटं इकडेतिकडे चालेल, हा प्रश्न उरतोच. तुम्हाला पाच मिनिटांची सूट मान्य असेल तर 'ठरलेल्या वेळेनंतर पाच मिनिटांच्या आत' असं लिहा. होकारार्थी करताना असे आधी दडलेले प्रश्न वर येतात, आणि ते येऊ द्यावेत.

वि7 असा: 'तुम्ही शंका विचारली तेव्हा किती वेळा समजेल असं उत्तर मिळालं?' आणि त्याआधी एक वेगळा प्रश्न, 'तुम्ही वर्गात शंका विचारली होती का?' मूळ विधानात शंका न विचारणारेसुद्धा सहमत किंवा तटस्थ होऊन जात होते.

'जोपर्यंत... नाही तोपर्यंत... नाही' ही आपल्या भाषेतली रोजची रचना आहे. बोलताना तिची अडचण होत नाही, पण विधान म्हणून ती जड पडते. 'जोपर्यंत नोंदणी पूर्ण होत नाही तोपर्यंत साहित्य देऊ नये' याऐवजी 'नोंदणी पूर्ण झाल्यावरच साहित्य द्यावं'. अर्थ तोच, नकार शून्य. 'शिवाय' असलेल्या बहुतेक वाक्यांनाही हाच 'झाल्यावरच' किंवा 'घेऊनच' उपयोगी पडतो: 'परवानगीशिवाय सुट्टी घेऊ नये' याचं 'परवानगी घेऊनच सुट्टी घ्यावी'.

धोरणावरचं मत हवं असेल तर एका बाजूने विचारून होकार-नकार मागण्यापेक्षा दोन्ही बाजू समोर ठेवा. 'रात्रीची सेवा बंद करू नये असं तुम्हाला वाटतं का?' हे 'रात्रीच्या सेवेबद्दल तुमचं मत काय? चालू ठेवावी / बंद करावी / ठाम मत नाही' असं लिहिलं की कुणालाही वाक्य उलटं करून पाहावं लागत नाही.

प्रत्येक नकारात्मक गोष्ट होकारार्थी करायची असते असंही नाही. दुखणं, अडचण, विलंब या गोष्टीच मोजायच्या असतील तर तोच शब्द ठेवा, फक्त त्याला 'नाही' चिकटवू नका. 'फॉर्म भरताना मला अडचण आली नाही' हे खराब. 'फॉर्म भरताना किती अडचण आली?' हे स्वच्छ आहे, पर्याय 'अजिबात नाही' ते 'खूप जास्त'. त्याऐवजी 'फॉर्म भरणं किती सोपं गेलं?' असं केलं तर तुम्ही वेगळीच गोष्ट मोजायला लागता. अडचण न येणं आणि सोपं जाणं यांच्यामध्ये 'जमलं एकदाचं' म्हणणारे पुष्कळ लोक असतात.

हा अर्थ सरकण्याचा धोका फार खरा आहे. डोनाल्ड रग यांनी 1941 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात अर्ध्या लोकांना विचारलं होतं की लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का, आणि उरलेल्यांना की अशा भाषणांवर बंदी घालावी का. 'परवानगी देऊ नये' म्हणणारे 62 टक्के निघाले, पण 'बंदी घालावी' म्हणणारे 46 टक्केच. तर्काने दोन्ही एकच. लोकांना मात्र बंदी हा कठोर शब्द वाटतो आणि तो उच्चारायला ते कचरतात. म्हणून 'बंदी'चं 'परवानगी' केलंत तर नव्या आकड्याची जुन्या आकड्याशी तुलना करू नका.

पण मग डोळे झाकून 'सहमत' म्हणणाऱ्यांचं काय?

नकारार्थी विधानं मुळात घातली जातात ती यासाठीच, आणि ही काळजी रास्त आहे. फक्त उपाय महाग पडतो: दहा आळशी पकडायला जाऊन वीस प्रामाणिक माणसं गोंधळतात. गोष्टीनुसार पर्याय दिले की 'सहमत'ची आयती पायवाटच राहत नाही. लांब प्रश्नावलीत एखादी सरळ सूचना घालता येते: 'या ओळीत थोड्या वेळा हा पर्याय निवडा.' आणि विरुद्ध दिशेचं विधान हवंच असेल तर ते विरुद्ध अर्थाच्या शब्दाने लिहा, नकाराने नको. 'वर्गाचा वेग योग्य नव्हता' यापेक्षा 'वर्गाचा वेग फार जास्त होता'. पहिल्यात वेग जास्त होता की कमी हेही कळत नव्हतं.

तपासणी 5: पाच-सहा माणसांसमोर चालवून बघा

आता थोडा वेळ लागेल. ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे त्यांच्यातलेच पाच ते आठ जण घ्या, प्रत्येकी अर्धा तास. दुरुस्त केलेलं विधान त्यांना मोठ्याने वाचू द्या, उत्तर देऊ द्या, आणि मग दोनच गोष्टी विचारा: "हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा" आणि "हेच उत्तर का निवडलंत?" पहिल्या उत्तरात नकार गळला किंवा नवा आला तर विधान अजून कच्चं आहे. दुसऱ्या उत्तरातलं कारण निवडलेल्या पर्यायाच्या उलट असेल तर पर्याय कच्चे आहेत. "समजलं का?" असं मात्र विचारू नका. सगळे "हो" म्हणतात.

आठांपैकी दोघे एकाच जागी अडखळले तर तेवढं पुरे, विधान पुन्हा लिहा. योगायोग म्हणून सोडून देऊ नका.

तपासणी 6: जुनं आणि नवं शेजारी-शेजारी

सर्वेक्षण मोठं असेल आणि निकालावर निर्णय ठरणार असतील तर उत्तरदात्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करा, एकाला जुनं विधान, दुसऱ्याला नवं. अमुक दिवशी आलेले जुन्यात, पुढचे नव्यात, असं करू नका. मग दोन्ही गटांच्या माणसांतच फरक पडतो. प्रत्येक गटात काही शे माणसं नसतील तर मोठा फरकच तेवढा दिसेल, लहान फरकावर बोलू नये.

फरक किती मोठा असू शकतो? अमेरिकन ज्यूइश कमिटीसाठी रोपर संस्थेने 1992 मध्ये केलेल्या सर्वेक्षणातला प्रश्न असा होता: नाझींनी केलेला ज्यूंचा संहार कधी झालाच नाही, हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य वाटतं? 'अशक्य' आणि 'झालाच नाही' हे दोन नकार एकमेकांवर आदळत होते. 22 टक्के लोक 'शक्य' म्हणाले, आणखी 12 टक्क्यांनी माहीत नाही म्हटलं. प्रत्येक पाचवा माणूस संहार नाकारतो अशा बातम्या झाल्या आणि खळबळ उडाली. 1994 मध्ये प्रश्न बदलून विचारला गेला: संहार झालाच नाही हे शक्य वाटतं, की तो झाला याची तुम्हाला खात्री आहे? या वेळी 'शक्य' म्हणणारे 1 टक्का होते आणि खात्री असलेले 91 टक्के. बदललेल्या प्रश्नातही एक 'नाही' शिल्लक आहे. फक्त समोरचा पर्याय 'अशक्य' न राहता 'झाला याची खात्री' असा सरळ झाला, आणि तेवढ्याने गोंधळ मिटला.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

स्वतः केलेल्या अभिप्राय फॉर्मवर वरचं सगळं बिनधास्त करा. पण पुढच्या चार ठिकाणी हात लावू नका.

प्रमाणित मानसशास्त्रीय किंवा वैद्यकीय चाचणी असेल तर एकही शब्द बदलायचा नाही. रोझेनबर्ग यांच्या 1965 च्या आत्मसन्मान श्रेणीतल्या दहापैकी पाच विधानं नकारात्मक दिशेची आहेत आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या गोंधळावर भरपूर संशोधन झालेलं आहे. तरीही विधान बदललं की तिचे आधीचे निकष तुमच्या आकड्यांना लागू राहत नाहीत. मराठी भाषांतरात नकार जड झाला असेल तर मानसशास्त्रीय चाचण्यांच्या तज्ज्ञाकडून भाषांतर पुन्हा तपासून घ्या.

वर्षानुवर्षं तोच प्रश्न विचारला जात असेल तर नवी शब्दरचना म्हणजे मालिकेत खंड. ती सांधायची तर एक फेरी दोन्ही प्रश्न दोन गटांना विचारावे लागतात, आणि त्याचा आराखडा संख्याशास्त्रज्ञाने करावा.

संमतीपत्र, मतपत्रिका, तक्रार अर्ज अशा कायदेशीर परिणाम असलेल्या मजकुरात 'नाही' हलवणं म्हणजे माणसाच्या हक्काला हात लावणं. सुटसुटीत मसुदा तुम्ही सुचवू शकता, पण तो अंतिम करणं वकिलाचं काम.

आणि चौथं, पाच-सहा माणसांची फेरी दोनदा करूनही लोक त्याच विधानापाशी अडखळत असतील तर आता अडचण नकाराची राहिलेली नाही. बहुधा एका विधानात दोन प्रश्न कोंबलेले आहेत किंवा विषयच त्या लोकांच्या अनुभवातला नाही. तेव्हा शब्द आणखी घासू नका. प्रश्नावली तयार करणाऱ्या अनुभवी माणसाला मूळ विधान, दुरुस्त विधान आणि लोकांनी आपल्या शब्दांत सांगितलेले अर्थ, असं तिन्ही एकत्र पाठवा.